एक तास अडतिसाव्या मिनिटाचं आभारपत्र

मी शाळेत असल्यापासून पत्रं छान लिहिते. वर्गातल्या निम्म्या मुलींची पत्रं मीच लिहून द्यायची. माझ्या एका छान पत्रामुळे प्रज्वल निखाडे मेला, असं मी म्हटलं की लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही उगाच अंगाला लावून घेता." घेते. माझं आहे म्हणून घेते.

मी कल्याणी पिंपळशेंडे, सावरगोटा भूमिगत कोळसा खाणीत असिस्टंट मॅनेजर. चंद्रपूरपासून तासाभरावर आमची खाण. इथे मला काम शिकवलं ते बाबाराव उरकुडे या ओव्हरमनने. ओव्हरमन म्हणजे पाळीतल्या सगळ्या माणसांचा खालचा मालक. मी डिग्री घेऊन आले तेव्हा त्यांची नोकरी एकतीस वर्षांची झाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, पुस्तकं वर ठेवून ये. खाली वजन होते." सगळे हसले. मला इतका राग आला होता! पण सहा वर्षं त्या माणसाच्या मागे मागे चालले आणि जे काही येतं ते तिथेच आलं. मी त्यांना काका म्हणायला लागले.

छत तपासायचं कसं, ते त्यांनीच दाखवलं. एका हाताने टोकाला लोखंड लावलेली काठी छतावर ठोकायची, दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून ठेवायची. छत चांगलं असेल तर ठणठणीत आवाज येतो. वरचा थर सुटला असेल तर भद्द वाजतं, आणि कधी कधी आवाज चांगलाच येतो पण बोटांना थरथर लागते. "कान फसतात, बोटं फसत नाहीत," म्हणायचे.

काका रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी कंपनीने 'जपणूक' नावाची यंत्रणा आणली. पोरांनी तिचं नाव आठवड्यात बदलून टाकलं: बिनपगारी. "बिनपगारी काय म्हणते आज?" असं विचारूनच माणसं खाली उतरायची.

बिनपगारीचं काम समजायला खाण थोडी समजावी लागेल. आम्ही कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब ठेवतो. सगळा भाग, ज्याला आम्ही पॅनेल म्हणतो, खोदून झाला की उलटं मागे येत ते खांबही काढतो. मागे उरलेल्या रिकाम्या जागेला गोफ म्हणतात. गोफातलं छत आपोआप कोसळायला हवं. थोडं थोडं कोसळत राहिलं तर वरचा भार मोकळा होतो. कोसळलं नाही, लटकून राहिलं, तर तो सगळा भार आम्ही उभे असतो त्या खांबांवर येतो. आणि मग एकदा कधीतरी अख्खं छप्पर एका दमात खाली बसतं. त्या दणक्याने जी हवा बाहेर फेकली जाते ती माणसाला उचलून भिंतीवर आपटते.

छतात बारीक तडे जायला लागले की कडकड असा आवाज होतो. पुष्कळसा आपल्या कानाला ऐकूही येत नाही. बिनपगारीने छतात भोकं पाडून अठ्ठेचाळीस कान बसवले होते. कुठे, किती, केवढे तडे गेले हे ती मोजायची आणि प्रत्येक जागेसाठी पाटीवर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावायची.

पण यंत्राची एक अडचण होती, आणि ते ज्यांनी बनवलं त्यांनाही ती पक्की माहीत होती. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकतं. जुन्या नोंदींत हजारो तास काहीच घडलेलं नसतं, आणि अपघाताचे तास बोटावर मोजण्याइतके. तेवढ्यावरून त्याला काय कळणार? म्हणून त्यांनी जुन्या माणसांची अक्कल यंत्रात भरायचं ठरवलं. रिटायर होणारा माणूस आणि त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस यांना समोरासमोर बसवायचं, निरोपाच्या गप्पा मारायला लावायचं आणि सगळं रेकॉर्ड करायचं. यंत्र ते शब्दन् शब्द उतरवून घेई. मात्र दोन तासांच्या गप्पांत जीव वाचवणारी गोष्ट कोणती आणि बढाई कोणती, हे त्याला कळत नसे.

तेव्हा कोणाला तरी सुचलं: शिकणाऱ्याने आभारपत्र लिहावं. फॉर्म भरायला दिला की माणसं उरकतात, पण आभार मानताना माणूस जे मनात राहिलं तेच लिहितो. सात दिवसांच्या आत लिहायचं, रेकॉर्डिंग ऐकून लिहायचं. नियम चार. सल्ला सांगणाऱ्याच्याच शब्दांत द्यायचा. कोणत्या प्रसंगावरून तो दिला, ते लिहायचं. तो मुख्य का वाटला, ते लिहायचं. आणि आपण तो वापरला का, कसा, ते लिहायचं. मग पत्र गुरूला वाचून दाखवायचं आणि त्याने होकार द्यायचा. पत्रातलं एकेक वाक्य यंत्र गप्पांतल्या त्या त्या मिनिटाशी जुळवायचं. जे पत्रात आलं त्याचं वजन वाढायचं, जे आलं नाही ते तळाशी जायचं.

थोडक्यात, आभारपत्र हीच खाणीची पुढची अक्कल. इतकं सरळ मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची सोय नाही. सांगितलं होतं. नागपूरच्या ऑफिसातल्या बाईंनी दोन वेळा सांगितलं होतं.

काकांच्या आणि माझ्या गप्पा दोन तास दहा मिनिटं चालल्या. काका सुरुवातीला माइककडे बघून भाषण दिल्यासारखं बोलत होते, चहा आला आणि मोकळे झाले.

मी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पहिल्यांदा पेन हातात न घेता. दुसऱ्यांदा प्रत्येक सल्ल्यापुढे मिनिट लिहीत. एक्केचाळीस निघाले! "नव्या माणसावर पहिल्या दिवशी ओरडू नको, तो चूक लपवायला शिकते." "छताखाली डबासुद्धा ठेवू नको, मग माणूस त्या डब्यासाठी परत जाते." तिसऱ्यांदा ऐकताना ज्यामागे घडलेला प्रसंग होता तेवढेच ठेवले. एकोणीस उरले. त्यातले जे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले, किंवा जे सांगताना त्यांचा आवाज बदलला, ते सहा. आभारपत्रात सहा फार होतात. तीन हवेत. मुख्य म्हणजे मुख्य.

आणि खरा मुख्य कोणता, यात काही शंकाच नव्हती. तो एक तास अडतिसाव्या मिनिटाला होता.

तिथे काका चौदा वर्षांपूर्वीचं सांगत होते. चार नंबर पॅनेलमध्ये गोफ बारा दिवस लटकला होता. आदल्या दिवशी छत कडकड करत होतं. त्या दिवशी सकाळपासून एकदम गप्प. पोरं खूष, म्हणाली बसलं आता, भीती गेली. रेकॉर्डिंगमध्ये त्यांचे शब्द असे आहेत:

"बोलते त्या छताले भिऊ नको बेटा. बोलता बोलता गप्प झालं, त्याले भी. लहान लहान जे तुटायचं ते तुटून गेलं राहते. आता अख्खी शिळा एका कडेवर उभी राहते. ते कड तुटताना सांगत नाही. तवा पहिले माणसं बाहेर काढ. कोनाले विचारू नको. मी विचारलं. मी मॅनेजरले फोन लावला, काढू का म्हणून. अकरा मिनिटं फोनवर होतो. श्रावण मडावी छताखाली गेला."

मग काका म्हणतात, "चौकशीत लिहिलं की श्रावण सांगूनही मागे थांबला. मी सांगितलंच नव्हतं त्याले. मी फोनवर होतो. मी सही केली त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या क्वार्टरवर आले. हातात घरच्या तुरीच्या शेंगा, पिशवी भरून. शेंगा ठेवल्या, पाणी प्यायले, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "कल्याणी, ते श्रावणचं पत्रात नको घेऊ."

"काका, तोच तर मुख्य सल्ला आहे."

"माहीत आहे मले. पण पत्र निरोपाच्या समारंभात वाचतेत. सुगंधाबाई येते." सुगंधाबाई म्हणजे श्रावण मडावीची बायको. "चौदा वर्षं झाली, दर भाऊबीजेले मी तिच्या घरी पाटावर बसतो. तिच्या लेकाले शाळेत पोरं म्हणायची, तुझा बाप आगाऊ होता म्हणून मेला. आता तिले काय सांगू, की आगाऊ नव्हता, मी भित्रा होतो? मरेपर्यंत तेवढं राहू दे माझं."

सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. नाही कसं म्हणायचं? ज्याच्यामुळे उभे राहिले त्या माणसाला आभारपत्रातच उघडं पाडायचं? आपल्याकडे मोठ्या माणसाच्या आभारात त्याची चूक लिहितात का कुठे? मी म्हटलं, "नाही घेत, काका. बसा तुम्ही."

त्या भागावर 'खासगी' अशी खूण करायची सोय होती; मग तो कोणी ऐकत नसे, यंत्रही धरत नसे. मी केली. तरीही सल्ला पूर्ण सोडायला मन तयार होईना, म्हणून त्याचा आशय तेवढा घेतला. इथे मी फार हुशार वागले. प्रसंग काढला, त्यांचे शब्द काढले, आणि असं लिहिलं:

"छत हे सजीव आहे आणि ते बोलतं, हे आपण मला शिकवलंत. छत बोलू लागलं की सावध व्हावं, हा आपला उपदेश मी रोज आचरणात आणते."

किती गोड वाक्य! समारंभात टाळ्या पडल्या. सुगंधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मॅनेजर देवतळे साहेबांनी पत्र फ्रेम करून ऑफिसात टांगलं. काकांना नियमाप्रमाणे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाले, "बरोबर आहे."

यंत्राने ते वाक्य गप्पांच्या बाविसाव्या मिनिटाशी जुळवलं. तिथे काका तडकण्याच्या आवाजाबद्दल बोलले होते. आवाज म्हणजे धोका, याचं वजन वाढलं. आवाज नाही म्हणजे धोका नाही, हे त्याच्या जुन्या नोंदी सांगतच होत्या. त्यावर आता सदतीस वर्षं नोकरी केलेल्या ओव्हरमनचा शिक्का बसला. काकांनी जे सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं मी त्यांच्याच नावाने यंत्राला शिकवलं, तेही चांगल्या मराठीत.

अकरा महिने काही झालं नाही.

मंगळवारी सकाळच्या पाळीत मी नऊ नंबर पॅनेलमध्ये होते. प्रज्वल निखाडे लोडर, म्हणजे कोळसा भरून नेणारी गाडी, चालवत होता. तीस वर्षांचा, तोंडाने फटकळ. उतरतानाच त्याने मला गाठलं होतं. "मॅडम, गुरुवारी सुट्टी पाहिजे. अंकिताचा पेपर आहे, लेकराले कोन पाहील?" त्याची बायको तलाठ्याच्या परीक्षेला बसली होती.

"बघते."

"बघते नको, देते म्हना. बिनपगारी सगळं पाहूनच राहिली ना? तिले म्हना, दोन घंटे आमचं लेकरू पण पाह्य."

मी हसले आणि देते म्हटलं.

पाटी हिरवी होती. नऊ नंबरचा गोफ अकरा दिवस लटकलेला होता. सोमवारी तासाला तीसेक तडे नोंदले गेले होते, पिवळा दिवा होता. मंगळवारी आठला चार. नऊला एक. त्यानंतर शून्य. दिवा हिरवा, आणि त्याखाली 'स्थिर'. पोरं खूष होती. कोणीतरी म्हणालंही, "बसलं आता."

मी काठी घेतली आणि गोफाच्या जवळचं छत ठोकलं. आवाज ठीक होता. बोटांना मात्र थरथर लागली. दोन पावलं सरकून पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. डोक्यात काकांचा आवाज जसाच्या तसा वाजत होता, गप्प झालं त्याले भी, पहिले माणसं बाहेर काढ, कोनाले विचारू नको. मला पाठ होतं! तीनदा ऐकलं होतं ना मी.

कायद्याने मला पूर्ण अधिकार होता. छत धोक्याचं वाटलं तर माणसं काढायची, कोणाचीही परवानगी लागत नाही. पण हिरव्या दिव्याविरुद्ध काढलं की पाटी विचारायची: कारण? ते कारण नोंदवावं लागे. कारण एकच होतं, आणि ते एक तास अडतिसाव्या मिनिटाला 'खासगी' म्हणून मीच पुरून ठेवलं होतं. ते लिहिलं की रेकॉर्डिंगचा तो भाग तपासायला उघडणार, देवतळे साहेब ऐकणार, गावभर होणार. मी काकांना शब्द दिला होता.

'बोटांना थरथर लागली' एवढं लिहून माणसं काढता आली असती. आज हे सुचतं. त्या दिवशी मी वळणावरच्या फोनपाशी गेले आणि काकांना फोन लावला, की तुमचं सांगू का म्हणून.

पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा काकूंनी उचलला, म्हणाल्या मागे वावरात आहेत, बोलावते. मी फोन कानाला लावून उभी राहिले. समोर साठ पावलांवर सहा माणसं काम करत होती. लोडरचा दिवा पुढे-मागे होत होता. मी नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"काय झालं, बेटा?" काका धापा टाकत आले होते.

मी भराभर सांगितलं. अकरा दिवस, काल तीस, आज शून्य, बोटांना थरथर. "काका, कारण लिहावं लागेल. श्रावणचं सांगू का?"

ते असे ओरडले की फोन फाटेल वाटलं. "मले कायले विचारून राहिली! माणसं काढ! अवो बाई, माणसं काढ पहिले!"

मी फोन टाकला आणि किंचाळत धावले. पाच जण धावत माझ्याकडे आले. प्रज्वल सगळ्यात आत होता. त्याने लोडर बंद केला, खाली उडी मारली. मला त्याच्या टोपीचा दिवा माझ्याकडे वळलेला दिसला. मग हवेने मला उचललं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात कोळशाची धूळ होती आणि डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. ते अजून येत नाही. प्रज्वलला बाहेर काढायला एकोणतीस तास लागले.

खाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या नोंदीत माझा फोन नऊ मिनिटांचा आहे.

देवतळे साहेब दवाखान्यात आले. माणूस वाईट नाही. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पिंपळशेंडे, यंत्र हिरवं होतं. तुम्ही यंत्राच्या विरुद्ध जाऊन पाच माणसं वाचवलीत. फोनचं काही लिहायची गरज नाही. मी मसुदा आणलाय, वाचा."

मसुद्यात शेवटी ओळ होती: 'सूचना देऊनही कै. निखाडे यांना बाहेर पडण्यास विलंब झाला.'

"सर, मी सूचना दिली नव्हती. मी फोनवर होते."

"पाच जण बाहेर आले ना? मग सूचना दिलीच की. तो सगळ्यात आत होता, त्याला कोण काय करणार? सही करा, विश्रांती घ्या."

त्यांनी पेनही पुढे केलं. खरं सांगते, मी घेतलं. टोपण काढलं. तशीच सही काकांनी केली होती, हे मला त्या वेळी नीट कळलं. काका भित्रे नव्हते. असाच कोणीतरी चांगला माणूस खुर्ची ओढून बसला असणार.

मी पेन परत दिलं. "सर, नियमात आभारपत्र सुधारून द्यायची सोय आहे. मला रेकॉर्डिंग हवंय."

"आत्ता? आभारपत्र?" त्यांना वाटलं डोक्याला मार लागलाय.

दहा दिवसांनी मी काकांच्या गावी गेले. माइक सोबत होता, नियमच आहे. काका ओसरीवर बसले होते. अकरा महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. काकूंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. मी पत्र काढलं आणि वाचलं.

"तीर्थरूप उरकुडे काका यांस, कल्याणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधीच्या पत्रात मी तुमचे आभार चुकीचे मानले. हे त्या जागी धरावं.

तुमचा मुख्य सल्ला रेकॉर्डिंगच्या एक तास अडतिसाव्या मिनिटाला आहे, आणि तो तुमच्याच शब्दांत असा: 'बोलते त्या छताले भिऊ नको. बोलता बोलता गप्प झालं, त्याले भी. तवा पहिले माणसं बाहेर काढ. कोनाले विचारू नको.'

हा सल्ला तुम्ही चार नंबर पॅनेलमधल्या प्रसंगावरून दिला. गोफ बारा दिवस लटकला होता आणि छत सकाळपासून गप्प होतं. तुम्ही अकरा मिनिटं फोनवर परवानगी मागत होतात. श्रावण मडावी यांना बाहेर पडायला कोणी सांगितलं नव्हतं. ते आगाऊ नव्हते. ते त्यांचं काम करत होते.

तो मुख्य का वाटतो: कारण बाकी अठरा सल्ले यंत्राला आपणहून कधी ना कधी कळतील. हा कळणार नाही. शांततेच्या हजार तासांत तो दिसत नाही. तो फक्त तुमच्याकडे होता, आणि तो सांगायला तुम्हाला स्वतःची चूक सांगावी लागली. त्यासाठी मी तुमची आभारी आहे. शिकवलेल्या बाकी कशाहीपेक्षा जास्त.

मी तो वापरला का: नाही. मला तो पाठ होता. नऊ नंबर पॅनेलमध्ये गोफ अकरा दिवस लटकला होता, तडे तीसवरून शून्यावर आले होते, बोटांना थरथर लागली होती. मी माणसं काढली नाहीत. तुम्हाला फोन केला. नऊ मिनिटं. प्रज्वल निखाडे यांना बाहेर पडायला उशीर झाला नाही. मला सांगायला उशीर झाला.

कळावे.

कल्याणी"

काका माइककडे वाकले. "बरोबर आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मागच्या वेळी मी बरोबर आहे म्हटलं, ते खोटं होतं. हे पण लिहून घे."

मी माइक बंद केला. मला रडू आवरेना. "काका, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"मी मागायलाच नको होता." ते उठले, धोतर सारखं केलं. "मशीन ऐकेल, साहेब ऐकेल. त्यांच्या आधी सुगंधानं ऐकलं पाहिजे. चल. तू वाच. मी बसतो समोर."

सुगंधाबाईंचं घर त्याच गावात, शाळेच्या मागे. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. काकांना बघून हसल्या. "या दादा! आज कसे काय?" मग माझा पट्टी बांधलेला कान दिसला आणि हसू गेलं. खाट टाकली. काका खाटेवर बसले नाहीत, खाली बसले.

मी पत्र वाचलं. श्रावण मडावी हे नाव आलं तिथे त्यांचा हात सुपात थांबला. 'ते आगाऊ नव्हते' इथे मला पुढचं दिसेना, तरी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

काका म्हणाले, "सुगंधा..."

त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आता जो गेला, त्याले बायको आहे?"

"आहे. अंकिता."

"लेकरू?"

"एक. दोन वर्षांचं."

"तिले काय सांगितलं कंपनीनं?"

"सांगितलं, की तो थांबला म्हणून गेला."

सुगंधाबाई उठल्या. सूप भिंतीला लावलं, पदर खोचला, चपला पायात घातल्या.

"चाल, मले तिच्या घरी ने. चौदा वर्षं मी त्या मेलेल्या माणसाले रागे भरली, कायले थांबला म्हणून. तिनं आता एक दिवस पण रागे भरू नये."

काका भिंतीला हात लावून उठायला लागले.

"तुम्ही नका येऊ," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि फाटक उघडून माझ्या पुढे चालायला लागल्या.